वाक्य पान ओलांडत नाही

रघुनाथ तेरदाळे आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा मला वाटलं कुणीतरी खालच्या स्टेशनरीच्या दुकानाचा पत्ता चुकलाय. पांढरा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी, वय साठीच्या पुढे. मी म्हटलं, "काका, दुकान खाली आहे." ते म्हणाले, "मला माहितीय. पेन तिथूनच घेतलं. तुमच्याकडं वाक्यं तोडायचं काम असतं म्हणे."

नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही सबटायटल करतो. सिनेमे, मालिका, जुनी नाटकं. पडद्यावरचा माणूस बोलतो आणि खाली दोन ओळी उमटतात, त्या आमच्या. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मराठीचंच मराठी सबटायटल करतो, त्यात आवाजही कंसात लिहावे लागतात. दारावर टकटक, दूर रेल्वेची शिट्टी वगैरे. मुलं लिहितात आणि मी तपासते. तपासणीत माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी त्यांची परीक्षा घेतली. एक वाक्य दिलं आणि आमच्या सॉफ्टवेअरने ते कसं तोडलं तेही दाखवलं. एका ओळीत बेचाळीस अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि त्या दोन ओळींचा ब्लॉक पडद्यावर सात सेकंदांहून जास्त नाही, हे नियम सांगितले. सॉफ्टवेअरने तोडलेलं असं होतं:

सकाळी उठल्याबरोबर मी त्याचं पत्र फाडून
टाकलं आणि अंघोळीला गेले.

काकांनी चष्मा वर केला. "हे कुणी तोडलं?"

"मशीनने."

"मशीनला दमा आहे का? 'फाडून' म्हणून श्वास घ्यायचा आणि 'टाकलं' खालच्या ओळीत? आणि 'टाकलं आणि अंघोळीला गेले' हे एका दमात? काय टाकलं, पाण्यात बंब?"

मग त्यांनी छातीवर हात ठेवून ते वाक्य मोठ्याने म्हटलं आणि लिहिलं:

सकाळी उठल्याबरोबर
मी त्याचं पत्र फाडून टाकलं

आणि पुढच्या ब्लॉकात: आणि अंघोळीला गेले.

"'टाकलं' पर्यंत एका ओळीत बसलं असतं," ते पुटपुटले. "मशीन काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी अक्षरं म्हणून मोजतंय. पडद्यावर जागा आहे की."

हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. आम्हाला ओळखायला वर्ष लागलं होतं. मी त्यांना त्याच दिवशी काम दिलं.

ते पूर्वी व्यावसायिक नाटकांत प्रॉम्प्टर होते. सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे असे सतरा वर्षं विंगेत बसून हाताने लिहिलेल्या वहीतून वाक्यं पुरवायची. नट अडला की पुढचे चार शब्द द्यायचे. तीन दिले तर अपुरे पडतात, सहा दिले तर नट गोंधळतो. म्हणूनच त्यांना माहीत होतं, मराठी वाक्याची गाठ कुठे असते आणि मोकळं सूत कुठे. "'घराच्या मागे' मधलं 'मागे' एकटं पाठवू नये. नाव इकडं आणि आडनाव तिकडं, असंही नाही. आणि क्रियापदाची जोडी तर नवराबायकोसारखी. भांडली तरी एकाच खोलीत." हे ते नव्या मुलांना सांगायचे, आणि मुलं हसून वहीत लिहून घ्यायची.

त्यांची एक सवय होती, तिचा मला वैताग यायचा. फाइलीत ते चिठ्ठ्या सोडायचे. दर दहा ब्लॉकांमागे एक. "इथे नटाने श्वास चुकवला आहे, मी त्याच्या मनातला श्वास धरला. फोन करा. र." "हे वाक्य तोडू नये. फोन करा. र." "'की' वरच्या ओळीत ठेवलं आहे, कारण बोलताना माणूस 'की' नंतर थांबतो. फोन करा. र." पहिल्या महिन्यात मी करायची. मग माझ्या लक्षात आलं, प्रत्येक फोन अर्ध्या तासाचा. त्यात एखाद्या प्रयोगाची गोष्ट, कुणा नटाच्या पोटदुखीची, कोल्हापूरच्या मिसळीची. चार फाइली रांगेत असताना कुणाला वेळ असतो? मी फोन करायचं सोडून दिलं. चिठ्ठी वाचायची, जे योग्य वाटेल ते करायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नव्हती. प्रॉम्प्टिंग का सोडलं, असं विचारलं की म्हणायचे, "डोळे गेले." आणि आमच्या मॉनिटरवर कोपऱ्यातला सात नंबरचा फॉन्ट बिनचष्म्याने वाचायचे.

२०२३ च्या दिवाळीनंतर वैजयंतीताई उपळेकर ऑफिसात आल्या. त्यांचे वडील नरहर उपळेकर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, एके काळी 'पंगतीतला पाहुणा' नावाच्या नाटकात बापाचं काम करायचे. नाटकाचं एकमेव चित्रीकरण म्हणजे सांगलीच्या एका प्रयोगाची कॅसेट, कुणा हौशी माणसाने मागच्या रांगेतून घेतलेली. जुनी नाटकं जतन करणारी एक संस्था ती आपल्या साइटवर ठेवणार होती, कर्णबधिरांसाठी सबटायटलसह. आणि त्याआधी अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिसरा अंक हॉलमध्ये दाखवायचा होता.

"अण्णांना आता अजिबात ऐकू येत नाही," वैजूताई म्हणाल्या. "मशीन लावलं तरी नुसती खरखर. पण वाचता छान येतं. स्वतःचं काम त्यांनी कधी पाहिलेलंच नाही हो. बोलणं असं खाली दिसलं तर..."

मी म्हटलं, "काळजी नका करू, आमच्याकडे रघुकाका आहेत, त्यांनी नाटकातच आयुष्य काढलंय." मी आत जाऊन काकांना नाव सांगितलं. काका चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी करतो. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

मला वाटलं, ओळखीचं नाटक म्हणून उत्साह आला. तसं नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं. ते आता सरळच सांगते.

१९९६ मध्ये सांगलीच्या त्या प्रयोगाला विंगेत रघुकाकाच होते. अण्णा त्या दिवशी तापाने फणफणले होते. एरवी त्यांना वही लागायची नाही, पण तिसऱ्या अंकात ते शब्द न शब्द काकांकडून घेत होते. अंकाच्या शेवटी बाप लेकीला म्हणतो, "तुझी आई गेली त्या दिवसापासून मी पोटभर जेवलो असेन, तर ते फक्त तुझ्या लग्नाच्या पंगतीत." या वाक्याला दर प्रयोगाला बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे.

काकांची वही फाटली होती म्हणून आदल्या आठवड्यात त्यांनी नवी लिहून काढली होती. प्रॉम्प्टरांचा एक नियम असतो, काकांना त्यांच्या गुरूने कान पिळून शिकवलेला: वाक्य पान ओलांडत नाही. बसत नसेल तर खाली जागा कोरी सोडा आणि नव्या पानावर सुरू करा. पण वही शंभर पानी, नाटक लांब, आणि शेवटाकडे पानं पुरेनात. म्हणून त्या एका ठिकाणी काकांनी नियम मोडला. पान 'जेवलो' वर संपलं. 'असेन' पाठीमागे गेलं.

काकांनी "मी पोटभर जेवलो" एवढे शब्द दिले. अण्णांनी ते आर्त आवाजात म्हटले. काकांनी पान उलटलं, घामट हाताने दोन पानं एकदम उलटली गेली, आणि समोर भलताच प्रसंग आला. तिकडे रंगमंचावर बाप लेकीला सांगून थांबला होता: तुझी आई गेली त्या दिवसापासून मी पोटभर जेवलो.

चार सेकंद. नाट्यगृह हसलं. नुसतं हसलं नाही, मागून कुणीतरी "वा!" म्हणालं.

काकांना पान सापडलं, 'असेन' दिलं, अण्णांनी वाक्य पुरं केलं. पण ते आता कुणाला ऐकू गेलं नाही. पडदा पडल्यावर अण्णा म्हणाले, "माझं डोकं गेलं. ऐन वाक्यात विसरलो." दुसऱ्या दिवशी मिरजेला प्रयोग होता. अण्णांनी काम दुसऱ्याला दिलं. पाटबंधारे खात्यात नोकरी होती, तिथून निवृत्त झाले. रंगमंचावर परत उभे राहिले नाहीत. आणि काकांनी त्यांना कधीच सांगितलं नाही, की तुम्ही विसरला नव्हतात, माझं पान संपलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत सत्तावीस वर्षं गेली. लाजेला मुहूर्त सापडत नाही.

आता त्यांना संधी मिळाली होती. अण्णांना आवाज ऐकू येणार नव्हता. खाली जे दिसेल तेच अण्णांचं वाक्य. काकांनी तो ब्लॉक असा केला:

तुझी आई गेली त्या दिवसापासून
मी पोटभर जेवलो असेन,

आणि त्या चार सेकंदांच्या शांततेतही तो पडद्यावर तसाच राहू दिला. मग पुढचा:

तर ते फक्त
तुझ्या लग्नाच्या पंगतीत.

हशाचा कंस त्यांनी लिहिलाच नव्हता. वर चिठ्ठी: "या ब्लॉकला हात लावू नये. फोन करा. र."

फाइल माझ्याकडे गुरुवारी आली. कार्यक्रम रविवारी. सॉफ्टवेअरने दोनशे चौदावा ब्लॉक लाल केला, कारण तो आठ सेकंद टिकत होता. मी चित्र पाहिलं, आवाज ऐकला. नट 'जेवलो' वर थांबतो, आपण 'असेन' आधीच दाखवतो. हे आमच्या कामातलं पहिलं पाप. वाचणाऱ्याला बोलणाऱ्याच्या पुढे नेऊ नये. शिवाय सगळं नाट्यगृह हसतंय आणि आपण तो आवाज लिहिलेला नाही. कर्णबधिर प्रेक्षकाला काय कळणार? मी मनात म्हटलं, काका म्हातारे झाले. चिठ्ठी वाचली. अशा चिठ्ठ्या त्या फाइलीत एकतीस होत्या, मी मोजल्या होत्या, वैतागाने. फोन केला नाही.

मी नियमाने दुरुस्त केलं:

तुझी आई गेली त्या दिवसापासून
मी पोटभर जेवलो...

[प्रेक्षकांमध्ये हशा]

असेन, तर ते फक्त
तुझ्या लग्नाच्या पंगतीत.

लाल रंग गेला. फाइल पाठवून दिली. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, हे लिहायला आज लाज वाटते.

रविवारी कर्वेनगरच्या हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं होती. अण्णांना ओवाळलं, चांदीच्या दिव्यांचं ताम्हण फिरलं. मागून अळूच्या भाजीचा वास येत होता. अण्णा पहिल्या रांगेत, शाल पांघरून, मोठ्या डोळ्यांचे, अजून रुबाबदार. त्यांच्या शेजारची खुर्ची वैजूताईंनी काकांना दिली होती. अण्णांनी काकांना ओळखलं, पाठीवर जोरात थाप मारली आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "रघ्या! अजून जिवंत आहेस होय?" काका हसले. मी मागच्या रांगेतून पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते.

अंक सुरू झाला. चित्र धूसर, पण खालची अक्षरं ठळक. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, अण्णांचे ओठ हलताहेत. ते वाक्यं वाचत नव्हते, म्हणत होते. सबटायटल उमटायचं आणि ते त्याच्यासोबत जायचे, जिथे ओळ थांबेल तिथे थांबायचे, पुढची उमटली की पुढे. काकांनी तोडलेली एकेक ओळ त्यांच्या श्वासात अगदी बसत होती. काका पडद्याकडे पाहतच नव्हते. ते अण्णांच्या ओठांकडे पाहत होते.

मग ते वाक्य आलं. अण्णांनी मान वर केली. "तुझी आई गेली त्या दिवसापासून," आता आवाजही थोडा फुटला, "मी पोटभर जेवलो..."

ओळ तिथे संपली. अण्णा थांबले. काकांनी झटक्यात पडद्याकडे पाहिलं.

खाली कंसात हशा उमटला. अण्णांनी तो वाचला. स्पीकरमधून सत्तावीस वर्षांपूर्वीचे लोक हसले, आणि हॉलमधली दोन-चार पोरंही त्यांच्यासोबत हसली, त्यांना काय माहीत. अण्णांचे ओठ मिटले. 'असेन' आलं तेव्हा ते पडद्याकडे पाहत नव्हते, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

काका मागे वळले. नव्वद माणसांत त्यांनी मला बरोबर शोधलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. नुसतं विचारल्यासारखं पाहिलं: फोन का नाही केलास?

अंक संपला, टाळ्या झाल्या, लोक जेवायला उठले. काकांनी आमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू घेतली, खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. मी तोवर पुढे पोचले होते. त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं. इतक्या गडबडीतही ओळी त्यांनी नेटक्या तोडल्या होत्या:

अण्णा, तुम्ही विसरला नव्हतात.
माझ्या वहीचं पान संपलं होतं.

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग मान वर केली आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि हे तू मला आत्ता सांगतोस? मला ऐकू यायचं बंद झाल्यावर?"

काकांनी पेन खिशात ठेवलं.

"दुसऱ्या दिवशी मिरजेला प्रयोग होता, रघ्या. मी गेलो असतो!"

वैजूताईंनी त्यांना धरून जेवायला नेलं. काका उभेच होते. मी म्हटलं, "काका, चूक माझी. मी तुमची चिठ्ठी वाचली होती." ते म्हणाले, "तू लिहिलंस ते बरोबरच होतं. तसंच झालं होतं." आणि न जेवता निघून गेले. सहस्रचंद्रदर्शनाच्या पंगतीतून माणूस उपाशी जातो, याहून वाईट काय असेल?

चौथ्या दिवशी वैजूताईंचा मला फोन आला, कारण काकांचा बंद होता. "अण्णा शांत झालेत. रोज ती पत्रिका काढून वाचतात. म्हणतात, रघ्याला वही घेऊन यायला सांग. नुसतं ये म्हणून नाही हं, वही घेऊन."

मी धावत काकांच्या घरी गेले. कसबा पेठेत त्यांची एक खोली, बायको जाऊन आठ वर्षं झालेली. मी निरोप सांगितला तसा त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, की माझ्या मनावरचं ओझं निम्मं उतरलं. त्यांनी ट्रंकेतून वही काढली. ती खरंच अजून होती. ते पान उघडून दाखवलं. शेवटची ओळ दाटीवाटीने कोंबलेली, शेवटचा शब्द 'जेवलो', कडेला पिवळा पडलेला घामाचा डाग.

"चला, आत्ताच जाऊ," मी म्हटलं. "रिक्षा बोलावते."

"ही वही?" काकांनी ती मिटली. "ही कशी नेऊ? हेच पान त्यांच्या पुढ्यात ठेवू? त्यांनी परत 'जेवलो' वर येऊन थांबायचं आणि पान उलटायचं? नाही गं. नवी लिहितो. या वेळी नीट."

"अहो, एक पान लिहा फार तर."

"एक पान बदललं की पुढचं सगळं सरकतं. तू हे काम करतेस आणि तुला कळत नाही?"

मला कळत होतं. एक ओळ खाली ढकलली, की पुढच्या प्रत्येक पानाची गाठ नव्याने पाहावी लागते. आणि त्यांना आता एकही वाक्य पान ओलांडू द्यायचं नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, आमच्या खालच्याच दुकानातून. पहिल्या अंकापासून सुरुवात केली. मी दोन-तीनदा गेले. प्रत्येक पान लिहून झालं की ते मोठ्याने वाचायचे, छातीवर हात ठेवून. कुठे शंका आली की पान फाडून पुन्हा. मी म्हणायची, "काका, अण्णा वाट पाहताहेत." ते म्हणायचे, "सत्तावीस वर्षं वाट पाहिली, आणखी आठ दिवस."

मी त्यांना उचलून न्यायला हवं होतं. जुनी वही पिशवीत घालून, हाताला धरून. पण माझं मन मला खात होतं. एकदा त्यांच्या ओळीला हात लावून मी काय केलं ते पाहिलं होतं. परत त्यांच्या कामात पडायची मला हिंमत झाली नाही. जिथे ऐकायचं तिथे ऐकलं नाही, आणि जिथे ऐकायचं नव्हतं तिथे निमूट ऐकून घेतलं.

वही तेविसाव्या दिवशी पुरी झाली. अण्णा एकविसाव्या दिवशी गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात दोन दिवस, बस.

आम्ही दोघं तेराव्याला गेलो. काकांच्या मांडीवर नवी वही, तिला खाकी कव्हर घातलेलं, वर देखण्या अक्षरात नाटकाचं नाव. वैजूताई बाहेर आल्या, शेजारी बसल्या. काकांनी वही पुढे केली आणि तिसऱ्या अंकाचं ते पान उघडलं. वाक्य पानाच्या अगदी मधोमध होतं, वर-खाली भरपूर जागा सोडून.

तुझी आई गेली त्या दिवसापासून मी पोटभर जेवलो असेन,
तर ते फक्त तुझ्या लग्नाच्या पंगतीत.

वैजूताईंनी त्यावरून बोट फिरवलं. "किती सुंदर लिहिलंय काका. पण ही नाही हो. त्यांना ती जुनी हवी होती."

काकांनी वर पाहिलं.

"रोज विचारायचे, रघ्या आला का. म्हणायचे, मला ते पान एकदा बघू दे. माझ्या डोक्यातला शब्द नाही संपला, कागदावरचा संपला, हे मला या डोळ्यांनी बघायचंय. मग मी मोकळा." त्यांनी डोळे पुसले. "शेवटच्या दिवशीसुद्धा दाराकडे बघत होते. तुम्ही तशीच आणली असती ना काका, फाटकी, डागाची, तरी चालली असती."

काकांनी वही मिटली आणि पिशवीत घातली. परत येताना रिक्षात मी विचारलं, "साइटवर दोनशे चौदावा ब्लॉक अजून मी केलाय तसाच आहे. बदलू का? तुम्ही केला होता तसा?"

"कुणासाठी?" ते म्हणाले.

काका अजून आमच्याकडे येतात. काम तितकंच चोख, वाक्याची गाठ कधी सुटत नाही. फक्त त्यांच्या फाइलींत आता एकही चिठ्ठी नसते. मी मात्र प्रत्येक फाइल उघडण्याआधी त्यांना फोन करते. "काका, काही सांगायचंय का?" ते म्हणतात, "नाही गं. तुला योग्य वाटेल तसं कर." तरी मी फोन लगेच ठेवत नाही.